ताईनं ‘मी’ खोडला

माझी थोरली बहीण कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन तिच्या लॅबमध्ये पाठवतात. मग प्लास्टर ओतणं, मेणात एकेक दात बसवणं, घासणं, चमकवणं हे सगळं तिचं काम. ज्यांची तोंडं तिनं जन्मात पाहिलेली नाहीत त्यांच्या जबड्यांबद्दलही तिचं मत असतं, आणि ते कधीच चांगलं नसतं. ठसा उजेडात धरून ती म्हणते, “हा झोपेत दात खातो बघ. बायकोवर चिडलेला असणार आणि तोंड उघडायची टाप नसणार.” डॉक्टरांबद्दलचं तिचं मत याहून खालचं. शेजाऱ्यांचं तर नावच काढू नये. मला ती ‘आमची भाबडी’ म्हणते. मी तिला मनातल्या मनात काय म्हणते ते राहू दे.

पन्नाशी उलटली की कुणी सकाळी फिरायला जायला लागतं, कुणी देवदेव करायला लागतं. ताईनं कादंबरी लिहायला घेतली. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हात रिकामे असतात, तेव्हा लिहायची. त्यामुळे तिच्या पानांवर पांढरी बोटं उमटलेली असत आणि वाचून झालं की माझ्याही साडीवर.

विषय दुसरा कुठला असणार? बाबा.

आमचे बाबा लोकांचा तोतरेपणा घालवायचे. म्हणजे तसं पाटीवर लिहिलं होतं. फर्निचरच्या दुकानावरचा हॉल त्यांनी भाड्यानं घेतला होता आणि तिथे त्यांचा वर्ग चालायचा. पद्धत एकच. टाळी वाजवायची आणि टाळीच्या तालावर एकेक अक्षर बोलायचं. गंमत अशी की तालावर बोलताना अडखळणारा माणूस खरंच अडखळत नाही. हॉलमध्ये सगळे घडाघडा बोलायचे, बाबांच्या पाया पडायचे, आणि जिना उतरून रस्त्यावर आले की ताल वरच राहायचा. पण तोवर वर्ग संपलेला असे.

नवा वर्ग सुरू होताना बाबा एक जाहीर व्याख्यान द्यायचे. पहिल्या रांगेत एक बारा-तेरा वर्षांची मुलगी बसलेली असे. बाबा तिला उभं करत, नाव विचारत. मुलगी अशी काही अडखळायची की मागच्या बायका पदर डोळ्याला लावत. वर्गाच्या शेवटी तीच मुलगी पुन्हा उभी राहून लांबलचक भाषण ठोकायची. ती मुलगी म्हणजे ताई. तिला तोतरेपणाचा वाराही लागलेला नव्हता. पुढच्या वर्गाला माणसं नवी, मुलगी तीच.

मी तेव्हा लहान होते, मला नेत नसत. आईला सगळं ठाऊक होतं. ती ताईची वेणी घालून द्यायची आणि गप्प बसायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा आता माझ्याकडे असतात, ऐंशीच्या पुढे आहेत, आणि आपण समाजाची मोठी सेवा केली याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही.

ताईनं पहिली पन्नासेक पानं मला वाचायला दिली. सुरुवातच अशी: ‘माझा बाप भामटा आहे हे मला बाराव्या वर्षीच कळलं होतं. समोर बसलेली माणसं मूर्ख आहेत हे त्याच्याही आधी.’

पुढे सगळं तसंच. व्याख्यानाला येणारे लोक बावळट, हॉलचा मालक हावरट, आई भेकड, बाप भामटा, आणि मधोमध एक पोरगी, जिला हे सगळं लख्ख दिसतंय. वाचायला मजा येत होती, खोटं कशाला बोलू? ताईच्या जिभेची धार मला पाठ आहे. पण विसाव्या पानापाशी मला जांभई आली.

मी लॅबमध्ये गेले. ती एका खालच्या कवळीला मेण लावत होती.

“कसं आहे?” वर न बघता तिनं विचारलं.

“चांगलं आहे. पण बाराव्या वर्षी तुला हे कळलं होतं?”

“कळलं होतं म्हणजे काय! आंधळी होते का मी?”

“तू बाबांचं भाषण पाठ करून म्हणून दाखवायचीस मला. त्यांच्यासारखे हात करून. मला तर वाटायचं, तू मोठेपणी बाबाच होणार.”

“तू पाच वर्षांची होतीस. तुला काय आठवतंय, कप्पाळ!” ती म्हणाली आणि चमचाभर मेण चुकीच्या जागी पडलं. त्याचा दोषही माझ्याच माथी आला.

दरम्यान ती पानं माझ्या टेबलावरून बाबांनी उचलली. मला वाटलं आता घरात रणकंदन. तसं काहीच नाही. ते पेन्सिल घेऊन बसले. ‘भामटा’ला त्यांनी हातही लावला नाही, पण समासात लिहिलं, ‘हॉलमध्ये पंखे दोन नव्हते, चार होते.’ मग, ‘असे मी म्हणालो नव्हतो.’ मग, ‘ही गोष्ट दुसऱ्या वर्गातली.’ पानापानावर ही तपासणी. शेवटी मला म्हणाले, “ताईचा राग आहे माझ्यावर. लहानपणापासूनच तापट. वाचणाऱ्याला कळेल की हिचंच काहीतरी बिनसलंय.”

हे मी ताईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण म्हाताऱ्याला, नकळत का होईना, एक गोष्ट दिसली होती. ‘मी’ म्हणून सांगायला लागलं की सांगणारा साक्षीदार होतो. साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आली. खरं बोलतेय का, का बोलतेय, हिला यातून काय मिळतंय. बापाकडे बघायचं सोडून माणूस लेकीकडे बघायला लागतो.

मग पानं संपादकाकडे गेली. त्याचं प्रकाशन म्हणजे एक खोली, तीत न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे, आणि त्या गठ्ठ्यांवर बसून चहा पिणारा तो. ताईबरोबर मीही गेले होते. ताईनं गेल्यागेल्याच त्याच्या दातांवरून त्याची किंमत केली होती. (“पुढचे दोन बसवलेले आहेत. तेही स्वस्तातले.”) त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “बाई, तुमची मुलगी पहिल्या पानावरच मोठी झालेली आहे. मग पुढची पानं कशासाठी?”

ताईचे कान लाल झाले. “लहानपण आठवणारी बाई आहे ती. ‘मी’ म्हटलं की दोन ‘मी’ असतात. एक तेव्हाची, एक आताची. एवढं कळतं मला.”

“दोन असतात, बरोबर. पण तुमची आताची ‘मी’ तेव्हाचीला तोंड उघडू देत नाही. मुलीला काही दिसलं रे दिसलं की ही मागून येऊन सांगते, ‘तो ढोंगी होता.’ मोठं होण्याची गोष्ट म्हणजे न कळण्यापासून कळण्यापर्यंतची वाट. तुम्ही वाटच ठेवली नाहीत.”

“म्हणजे ‘मी’ वाईट?”

“मी कुठे म्हटलं? त्या बाईला आज काय वाटतं, ती हे सगळं कुणाला आणि का सांगतेय, हीच जर गोष्ट असेल तर ‘मी’सारखं दुसरं काही नाही. पण मग त्या आजच्या बाईलाही उघडी पाडावी लागेल. ती तर तुमच्यात खुर्चीवर बसून निकाल देतेय. एकदा ‘ती’ लिहून बघा. ‘ती’ म्हणायचं, पण त्या मुलीच्या डोक्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिला जे दिसेल तेवढंच, तिला जेवढं कळेल तेवढंच.”

खाली उतरल्यावर ताई रस्त्यातच सुरू झाली. “गठ्ठ्यांवर बसतो आणि अक्कल शिकवतो. याची स्वतःची किती खपली?” बस येईपर्यंत तिनं त्या माणसाची सालटी काढली. बसमध्ये गप्प होती. ताई गप्प बसली की समजावं, बाण लागलाय.

पण ऐकेल ती ताई कसली! आधी तिनं ‘मी’ वाचवायचा घाट घातला. म्हाताऱ्या ‘मी’ला हाकलून दिलं आणि सगळं मुलीच्या तोंडी घातलं, वर्तमानकाळात. ‘मी बारा वर्षांची आहे. आज बाबांचं व्याख्यान आहे. मी निळा फ्रॉक घातलाय.’ मला वाचून दाखवायला बसली आणि तिसऱ्या परिच्छेदाला स्वतःच थांबली.

“शी! ही कोण बोबडी?”

“तूच.”

“मी इतकी बावळट नव्हते.”

खरी अडचण निराळी होती. त्या मुलीला जे दिसत होतं ते सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हते. बाबा व्याख्यानाच्या आधी कोट घालताना आरशात ओठ हलवतात आणि त्यांचा आवाज हळूहळू घरच्या आवाजातून हॉलच्या आवाजात जातो, हे बारा वर्षांच्या पोरीला नक्की दिसतं. पण असं सांगता येतं का तिला? तिच्या तोंडी हे वाक्य घातलं तर पोर नाटकी वाटते. नाही घातलं तर ते दृश्यच हातचं जातं. ताईनं मधला मार्ग म्हणून मुलीला वाचनाची आवड चिकटवली, म्हणजे मोठे शब्द खपून जातील. मग तिलाच स्वतःची किळस आली आणि ती पानं तिनं बर्नर ठेवायला खाली घातली.

नाइलाजानं ‘ती’ लिहायला घेतलं. पहिला खर्डा म्हणजे पोलिसांचा पंचनामा. ‘ती मुलगी हॉलमध्ये आली. तिचे वडील स्टेजवर होते. तिच्या आईनं तिची वेणी घातली होती.’

“हे कुणाबद्दल आहे?” मी विचारलं.

“कुणाबद्दल म्हणजे? माझ्याबद्दल.”

“असं वाटतंय की शेजारणीनं खिडकीतून पाहिलंय.”

ताईनं पानं माझ्या हातातून ओढून घेतली, आणि मला आजही आठवतं, तिनं पेन घेतला आणि एक गोष्ट केली. ‘तिचे वडील’ खोडून ‘बाबा’ लिहिलं. ‘तिच्या आईनं’मधला ‘तिच्या’ खोडला. ‘आईनं वेणी घातली होती, फार घट्ट.’ बस. एवढ्यानं ती मुलगी खिडकीतून आत आली. ‘ती’ म्हणणारं कुणीतरी आहे खरं, पण आईला ‘आई’ म्हणतंय, म्हणजे ते त्या पोरीच्याच डोक्यात बसलेलं आहे. आणि तरीही त्याला कोटाची आणि आवाजाची गोष्ट सांगता येते, कारण शब्द पोरीचे असायची सक्ती नाही, नजर तेवढी तिची हवी.

पण याची एक किंमत होती आणि ती ताईला फार झोंबली. ताई बोलताना बाबांना ‘तो’ म्हणते. ‘तो कसा आहे? जेवला का तो?’ असं फोनवर विचारते. ‘मी’च्या खर्ड्यात तर पानोपानी ‘तो म्हणाला, तो हसला.’ आता मुलीच्या डोक्यात बसायचं तर ‘बाबा म्हणाले, बाबा हसले’ असंच लिहावं लागणार. बारा वर्षांच्या त्या मुलीनं बाबांना कधी ‘तो’ म्हटलेलं नव्हतं.

“त्या माणसाला मी आदरार्थी लिहू?”

“तू नाही. ती.”

“तेच ते!” ती ओरडली. मग जरा वेळानं, स्वतःशीच, “नाही. तेच नाही.”

पुढचे काही आठवडे ती चिडलेली आणि खूष अशी दोन्ही होती, जे तिच्या बाबतीत क्वचितच घडतं. एक दिवस तिनं मला लॅबमध्ये बोलावून एकच तुकडा वाचायला दिला:

‘बाबा आज तिलाच पहिल्या रांगेत बसवणार होते. आणखी कुणाला बसवणार? तिच्याइतकं छान अडखळता कुणाला येत होतं?’

मी फिसकन हसले, मग तेच पुन्हा वाचलं.

“हेच ‘मी’ लावून वाच,” ताई म्हणाली.

मी वाचलं. ‘माझ्याइतकं छान अडखळता कुणाला येत होतं?’ लगेच ती पन्नाशीची बाई पुढे आली. ती एकतर फुशारकी मारत होती किंवा टोमणा. ‘ती’मध्ये मात्र ते वाक्य कुणीच बोलत नव्हतं. अभिमान त्या पोरीचा होता, अगदी खराखुरा, आणि त्यातली फसवणूक दिसत होती ती वाचणाऱ्याला. ताईला एक शब्दही बोलावा लागला नव्हता.

“संपादकाला दाखवलंस?”

“त्याला कशाला? म्हणेल, मीच सांगितलं होतं.”

मग लिहिता लिहिता ताई टायपिस्टपाशी आली.

एका वर्गात एक तरुण टायपिस्ट होती. खरोखर अडखळणारी. ऑफिसात तिला फोन उचलायला बंदी होती, म्हणून आली होती. तिला वाटलं, ही लहान मुलगी आपल्यासारखीच. ती ताईशेजारी बसायची, ताईला खाऊ आणायची, ताईबरोबर बसस्टॉपपर्यंत चालायची. ताईनं तिच्याकडून एक गोष्ट टिपली. खोटं अडखळणारे पहिलं अक्षर चारदा म्हणतात. टायपिस्टचं तसं नव्हतं. तिचा ‘म’ यायचाच नाही. ओठ मिटलेले राहायचे, पापण्या फडफडायच्या, मान किंचित वर जायची, आणि आवाज काहीच नाही. पुढच्या व्याख्यानाच्या दिवशी ताईनं हुबेहूब ते करून दाखवलं. सभागृह स्तब्ध झालं. टायपिस्ट त्या दिवशी कुणी न बोलावताच आली होती, जुनी विद्यार्थिनी म्हणून. ती तिसऱ्या रांगेत होती. त्यानंतर ती कधी आली नाही.

‘मी’च्या खर्ड्यात हा प्रसंग ताईनं असा संपवला होता: ‘तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली. त्या क्षणी माझं बालपण संपलं.’ हे वाक्य तिचं फार आवडतं होतं. आता तिला ते ‘ती’मध्ये बसवायचं होतं आणि ते बसेना. ‘तिला स्वतःची लाज वाटली’ असं लिहून बघितलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. माझ्यापुढे पान टाकलं.

“काय चुकतंय ते सांग. तुला काही कळत नाही हे माहितीये, तरी सांग.”

मी वाचलं. “इथे लिहिलंयस, ‘टायपिस्टच्या काळजात चर्र झालं.’ हे तुला कसं कळलं? तू तर स्टेजसमोर उभी होतीस.”

“मी नाही. ती.”

“तीही तिथेच उभी होती. तिला कुणाच्या काळजात काय झालं ते कसं दिसणार?”

ताईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू खुर्चीला वाचा फुटली. मग पेन उचलला आणि ते वाक्य आडवं कापलं.

“आणि लाज?” मी म्हणाले. “वाटली होती?”

“म्हणजे काय?”

“त्या दिवशी तू नाचत घरी आलीस, ताई. बाबांनी तुला आइसक्रीम खाऊ घातलं होतं. तू मला आरशापुढे उभं करून ते ओठ मिटायचं शिकवलंस. आईनं जेवायला हाका मारल्या तरी आपण दोघी तेच करत होतो.”

बाजूच्या टेबलावर कुणाचा तरी वरचा जबडा पडला होता, तो तिनं उगाच उचलला, ठेवला. मग म्हणाली, “लाज मला वाटली ती माझ्या लग्नानंतर. बँकेच्या रांगेत पुढे एक बाई अडखळत होती तेव्हा.”

“मग इकडे कशी आली?”

“मी आणली. ‘मी’ लिहिलं की काय, सगळं आयुष्य माझंच. मागचं उचलून पुढे ठेवलं, पुढचं मागे, कोण विचारणार? वाचणाऱ्यानं म्हणावं, पोरगी मुळात चांगली होती.” तिनं नाक मुरडलं. आजवर ताईनं माझ्यासमोर अख्ख्या जगाला नावं ठेवली होती. स्वतःच्या वाक्याकडे त्या नजरेनं बघताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी तो प्रसंग असा झाला:

‘“म”पाशी ती थांबली. ओठ मिटले, पापण्या फडफडवल्या, हनुवटी थोडी वर. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. इतकी शांतता तिला याआधी कधीच मिळाली नव्हती. तिसऱ्या रांगेत टायपिस्टताईनं मांडीवरची पर्स उघडली. मिटली. पुन्हा उघडली. तिला काही सापडत नसावं. बाबांच्या कपाळावरची शीर हलली, म्हणजे बाबा खूष होते. तिनं “म” आणखी जरा धरून ठेवला.’

‘तिला काही सापडत नसावं.’ हे वाक्य चूक आहे आणि चूक असणं हेच त्याचं काम आहे. मुलीला तेवढंच कळलं. बाकी सगळं वाचणाऱ्याला कळतं, आणि मुलीला कळत नाही हेही कळतं. पुस्तकाच्या शेवटाकडे, दोन-तीन वर्षांनी मोठी झाल्यावर, ती मुलगी एका दुकानात कुणाला तरी फोनवर अडखळताना बघते आणि तिचा हात आपोआप पर्सवर जातो. तेवढंच. लाज हा शब्द पुस्तकभर कुठेही नाही.

आता यावर बाबांचं काय म्हणणं? ताईनं मुद्दाम पानं माझ्याकडे पाठवली. “वाचू दे त्याला. बघू या काय पेन्सिल चालवतो ते.”

बाबांनी पेन्सिल हातातच घेतली नाही. आरामखुर्चीत बसून, पान उलटायला बोट जिभेला लावत, एखाद्या जेवणावर ताव मारावा तसे वाचत गेले. मधूनच हसायचे. संध्याकाळी मला म्हणाले, “वा! काय उभा केलाय मला! कोट, आवाज, सगळं. पोरीच्या डोळ्यांत बघ किती आदर आहे. याच्या थोड्या प्रती जास्त काढायला सांग, माझ्या ओळखीच्यांना देईन.”

मी ताईला फोन केला. पलीकडून भांडं आपटल्याचा आवाज आला.

ती दुसऱ्याच दिवशी लॅब बंद करून माझ्याकडे आली, पिशवीत सगळी पानं घेऊन. बाबा आत झोपले होते. “परत ‘मी’ करते,” ती दारातूनच म्हणाली. “निदान तेव्हा भांडत तरी होता. पंखे का होईना, मोजत होता. आता त्या मूर्ख पोरीचा आदर बघून खूष होतोय. याला काय, हजारोंना असंच वाटेल. लोक इतके मठ्ठ असतात, त्यांना सांगितल्याशिवाय काही कळत नाही.”

“मला कळलं की.”

“तू तिथली आहेस.”

“संपादकाला कळलं. पानं मी पाठवली होती त्याला. फोनवर म्हणाला, पर्सच्या वाक्यानंतर त्याला चहा गेला नाही.”

“तो स्वस्तातले दात लावतो.”

“ताई, तू कुणासाठी लिहितेयस? बाबांना कळावं म्हणून की काय झालं ते लिहायला?”

“कळू दे ना एकदा! मरायच्या आधी एकदा कळू दे त्याला!” तिचा आवाज फाटला. मग नेहमीच्या सुरात, “आणि कळलं तरी काय, त्यावरही एक व्याख्यान देईल.”

तिनं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून खरंच टायपिस्टचं प्रकरण पुन्हा ‘मी’ करायला घेतलं. मी भाजी निवडत होते. ‘ती’ खोडून ‘मी’, ‘तिला’ खोडून ‘मला’. सोपं काम वाटतं. पण ‘तिला काही सापडत नसावं’ला तिचा हात अडला. ‘मी’ म्हणणाऱ्या बाईला आज सगळं माहीत आहे. ती ‘सापडत नसावं’ म्हणाली की लाडे लाडे खोटं बोलल्यासारखं होतं, आणि खरं सांगितलं की पुन्हा ती खुर्चीवर बसून निकाल देणार. ताई कितीतरी वेळ त्या एका ओळीकडे बघत बसली. मग तिनं ‘मी’ खोडला. पान इतकं गिचमिडलं होतं की कोरं घेऊन पुन्हा उतरवावं लागलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “त्याला आवडलं तर आवडलं. खड्ड्यात जाऊ दे.”

इतक्यात बाबा उठून बाहेर आले. ताईला बघून त्यांना आनंद झाला. तिला बघून त्यांना नेहमीच आनंद होतो, हे तिला सगळ्यात असह्य आहे. ते समोर बसले. “छान लिहिलंयस. फक्त एक. ती टायपिस्ट. अशी कुणी नव्हती.”

ताईचा जबडा असा आवळला गेला की तिनंच पाहिला असता तर त्यावर दोन वाक्यं बोलली असती.

“नव्हती बरं का. मला सगळे विद्यार्थी आठवतात. पण बाई लिहिलीस छान. मला रात्री आठवत होती.” बाबांनी चष्मा पुसला. “मग ती गेली कुठे?”

“कोण?”

“तीच. टायपिस्ट. तिसऱ्या रांगेतून उठून गेली, पुढे पुस्तकात येतच नाही. तिचं बोलणं सुधारलं का? नोकरी राहिली का?”

“पुस्तकात नाही,” ताई म्हणाली.

“का नाही? घाल की एखादं पान.”

“मुलीला माहीत नाही ना. मुलीला जे माहीत नाही ते त्या पुस्तकात येत नाही.”

“पण तुला माहीत असेल.”

“मलाही नाही,” ताई म्हणाली. “तुम्ही कधी विचारलं नाहीत. मीही नाही.”

एरवी ‘तो’ म्हणणारी ताई ‘तुम्ही’ म्हणाली. माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. बाबांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. त्यांनी मान डोलावली, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं, आणि मग चहा कधी होणार ते मला विचारलं.

जिना उतरण्याआधी ताई मला म्हणाली, “इतक्या वर्षांत एक धड प्रश्न विचारला त्यानं. तोही ती बाई कधी नव्हतीच असं समजून.” आणि तुच्छतेनं हसली. पण खालच्या फाटकापाशी ती बराच वेळ पिशवी खांद्यावर नीट करत उभी राहिली. मी वरून बघत होते.

पुस्तक आलं. थोडं खपलं, बाकीचं संपादकाच्या खोलीत गठ्ठा होऊन बसलं, आणि आता तो त्याच्यावर बसून चहा पितो. एक-दोघांनी ताईला विचारलं, हे तुमचंच का? “नाही,” ताई म्हणते, “माझं असतं तर ‘मी’ लिहिलं नसतं का?” आणि समोरच्याचे दात बघायला लागते.